जिभेवर आलेला शब्द अडतो तेव्हा

माझ्या वर्गातल्या एका ताईंना इंग्रजी वाचलेलं सगळं समजतं. पण बोलायला उभं केलं की ‘येस्टरडे आय...’ म्हणून थांबतात. ‘गो’ की ‘वेंट’? तेवढ्यात पुढचं वाक्यच निसटतं.

अशा वेळी व्याकरण कच्चं आहे असं समजून आणखी व्याकरण शिकवलं जातं. मला ते चुकीचं वाटतं. हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये ही भीती मोजायला 33 विधानांची प्रश्नावली केली, तिच्यात लोक हसतील का, आपली परीक्षा होतेय का, हीच धास्ती ठळक दिसते. मनाची जागा मर्यादित असते. अर्धी स्वतःवर पहारा ठेवण्यात गेली, की शब्द शोधायला उरतेच किती?

यावर ‘चार-तीन-दोन’ ही पद्धत मी वापरते. ताईंनी ‘माझी सकाळ’ हा विषय घेतला. एका मैत्रिणीला 4 मिनिटं सांगितलं, मग तेच दुसरीला 3 मिनिटांत, तिसरीला 2 मिनिटांत. ऐकणाऱ्यानं मध्ये टोकायचं नाही. श्रोता नवा असल्यामुळे पुन्हा सांगण्यात अर्थ राहतो. आशय तयार असल्यानं तिसऱ्या फेरीत अडखळणं कमी झालं. ‘वेंट’ आपोआप आलं.

मात्र मजकूर लिहून पाठ केला, तर एक शब्द विसरताच सगळं कोसळतं. कागदावर फक्त चार-पाच शब्द असावेत. शिवाय चूकही तिन्ही वेळा घोटली जाते, म्हणून पहिल्या फेरीनंतर मी एकच चूक सांगते, तीही बाजूला घेऊन.