मराठी मजकुरातील अक्षरांचे अंतर

पंचायतीच्या सूचना, शाळांची परिपत्रके व विभागीय पत्रके हल्ली बहुधा संगणकावर जुळविली जातात. त्यांपैकी काहींमध्ये मथळा भारदस्त दिसावा किंवा ओळ कडेपर्यंत पोचावी म्हणून अक्षरे एकमेकांपासून दूर सारलेली आढळतात. रोमन लिपीत ही प्रथा जुनी आहे. तेथे मोठी अक्षरे मुळातच सुटी उभी असतात, त्यामुळे त्यांच्यामध्ये जागा वाढविल्याने शब्दाचे रूप मोडत नाही. देवनागरीची गोष्ट वेगळी आहे.

देवनागरी मुद्राक्षराची शिरोरेषा ही स्वतंत्रपणे ओढलेली रेघ नव्हे. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर तिचा एक तुकडा असतो आणि तो अक्षराच्या दोन्ही कडांना पोचतो. दोन अक्षरे शेजारी आली की तुकड्यास तुकडा भिडून सलग रेघ भासते. अक्षरांमध्ये थोडीही जागा घातली की ही रेघ तुटते. मराठी वाचकाचा डोळा मात्र रेघ तुटली म्हणजे शब्द संपला, असे समजण्यास सरावलेला असतो.

'ग्रामसभा' हाच शब्द घेऊ. बारा पॉइंटांच्या टंकात दोन शब्दांमधील जागा साधारण तीन पॉइंट धरावी. अक्षरांचे अंतर दोन पॉइंटांनी वाढविले, तर एरवी शब्दाच्या पोटात जेथे रेघ अखंड होती, तेथे ग्रा, म, स यांच्या मागे दोन-दोन पॉइंटांच्या फटी पडतात. त्यातही 'भ'ची शिरोरेषा डावीकडे मुळातच खंडित असते. त्यामुळे 'स' आणि 'भा' यांमधील फट इतरांहून मोठी दिसते आणि 'ग्रामस भा' असे काहीतरी वाचले जाते. 'ध'च्या बाबतीतही हेच घडते. सवयीच्या वाचकास अर्थ लागेल. नव्याने वाचू लागलेल्या प्रौढास किंवा दुसरीच्या मुलास तो लागेलच असे नाही.

जोडाक्षरांचे नुकसान याहून गंभीर असते. संगणक जागा घालताना मजकुराचे लहान घटक पाडतो. 'जन्म' या शब्दात जुन्या नियमाप्रमाणे ज, न् आणि म असे तीन घटक पडत. मग अर्धा 'न' एकीकडे लोंबकळतो व 'म' दुसरीकडे उभा राहतो. युनिकोडच्या 2023 मधील 15.1 या आवृत्तीत 'न्म' हा एकच घटक मानण्याची तरतूद झाली. परंतु कार्यालयांतील जुन्या प्रणाली तिच्याशी परिचित नाहीत. शिवाय 'क्ष' हे बहुतेक टंकांत एकच अखंड चित्र असल्याने ते शाबूत राहते आणि त्याच पानावर 'न्म' मात्र फुटतो. म्हणून 'क्ष' नीट दिसला एवढ्यावर तपासणी थांबवू नये. 'जन्म', 'मृत्यू', 'पुस्तक' असे शब्द अवश्य पाहावेत. नव्या नियमाने जोडाक्षर वाचले, तरी शिरोरेषा तुटावयाची ती तुटतेच.

अंतर कमी करण्याचा उपाय निर्धोक वाटतो, कारण त्यात रेघ तुटत नाही. तथापि मग 'र' आणि 'व' एकमेकांस चिकटतात, आणि 'रवाना' झालेली टपाल 'खाना' होऊन बसते!

मग मोकळीक हवी असल्यास काय करावे? शब्दांमधील जागा वाढवावी. ती शब्दाच्या आत शिरत नाही. ओळींमधील अंतर तर मराठीस रोमनपेक्षा अधिकच लागते, कारण वर रफार, वेलांट्या, मात्रा आणि खाली उकार, ऋकार यांना जागा हवी असते. टंकाच्या आकाराच्या सुमारे दीडपट ते पावणेदोनपट अंतर मला योग्य वाटते. मथळ्यासाठी मोठा किंवा ठळक टंक घ्यावा. संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांनी पुढील मांडणी ठेवावी:

```
letter-spacing: normal;
word-spacing: 0.05em;
line-height: 1.6;
```

छपाईसाठी Word मध्ये मजकूर तयार करणाऱ्यांनी Font या चौकटीच्या Advanced भागात Spacing समोर Normal आहे ना, हे पाहावे. दोन्ही कडा समान करताना Justify चालेल, कारण त्यात शब्दांमधील जागा ताणली जाते. Distributed मात्र अक्षरांमध्येही जागा घालते, म्हणून ते टाळावे. InDesign वापरणाऱ्या मुद्रकास Justification या चौकटीत Letter Spacing चे तिन्ही आकडे शून्य ठेवण्यास सांगावे. अरुंद स्तंभात अशाने शब्दांमध्ये मोठी भगदाडे पडू लागली, तर दोन्ही कडा समान करण्याचा आग्रह सोडून उजवी कड मोकळी ठेवावी. तिचे दातेरी रूप काही अधिकाऱ्यांना अव्यवस्थित वाटते खरे, पण त्यात एकही शब्द फुटत नाही.