निरोप समारंभाचा स्लाइडशो : ३० फोटो, ४ मिनिटे आणि शेवटची एक स्लाइड

कोपरगाव : जन्मतारीख १ जून असलेले जिल्हा परिषदेचे शिक्षक वयाच्या ५८व्या वर्षी ३१ मे रोजी निवृत्त होतात. शाळेच्या दाखल्यावर १ जून हीच तारीख अनेकांची असल्याने मेअखेरीस निरोप समारंभांची गर्दी होते. त्यात फोटोंचा स्लाइडशो असतोच. तो लांबला किंवा चुकला, की सत्कारमूर्तीच अवघडतात.

फोटो कसे जमवाल?
व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की त्याचा आकार घटतो आणि पडद्यावर तो धूसर दिसतो. म्हणून तो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. अल्बममधला जुना फोटो प्लास्टिकमधून काढून, खिडकीजवळच्या सावलीत, फ्लॅश बंद ठेवून टिपा.

किती वेळ द्यावा?
समजा, गाणे ४ मिनिटांचे, म्हणजे २४० सेकंदांचे आहे. नावाच्या पहिल्या स्लाइडला १० सेकंद, एक-दोन माणसांच्या २४ फोटोंना प्रत्येकी ६ आणि ६ समूहफोटोंना प्रत्येकी १० सेकंद द्या. हे २१४ सेकंद झाले. उरलेले २६ सेकंद शेवटच्या स्लाइडचे. समूहफोटोत प्रत्येकजण आधी स्वतःला शोधतो, म्हणून तिथे जास्त वेळ लागतो. पॉवरपॉइंटमध्ये Transitions टॅबवर After पुढे सेकंद भरता येतात.

ओळी कशा लिहाव्यात?
फोटोखाली आठ-दहा शब्द पुरेत. 'अविस्मरणीय क्षण' यातून काहीच कळत नाही. 'सहल, १९९८ : बस पंक्चर, गुरुजी जॅकसह' हे वाचून सभागृह हसते. साल आणि नावे त्या वेळच्या सहकाऱ्याकडून तपासून घ्या. फोटोतले कुणी हयात नसेल, तर घरच्यांना आधी कल्पना द्या.

शेवटची स्लाइड
सर्वाधिक चूक इथेच होते. काळी पार्श्वभूमी, फुलांची चौकट, एकट्याचा मोठा कृष्णधवल चेहरा आणि खाली दोन साले. हे पाहून चौकातला श्रद्धांजलीचा फलक आठवतो. 'आठवणीत सदैव' या शब्दांनी तो समज पक्का होतो. त्याऐवजी अलीकडचा, रंगीत, सहकाऱ्यांसोबतचा हसरा फोटो घ्या आणि पुढच्या भेटीचे एक वाक्य लिहा : 'गुरुजी, १५ ऑगस्टला झेंडावंदनाला या, खुर्ची राखून ठेवतो.' गाण्याचा आवाज याच स्लाइडवर हळूहळू कमी होऊ द्या.

आदल्या दिवशी
दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तो मराठी फॉन्ट नसेल तर अक्षरे बिघडतात. त्यामुळे फाइल Export करून MP4 व्हिडिओ करून ठेवा. दुपारच्या उजेडात प्रोजेक्टरचे चित्र फिके पडते, म्हणून त्याच वेळी, त्याच सभागृहात एकदा चालवून पाहा. मागच्या रांगेतून ओळ वाचता आली नाही, तर अक्षर मोठे करा. व्हिडिओ संपण्याआधी शेवटच्या स्लाइडवर थांबवायला एकजण लॅपटॉपजवळ ठेवा.