दावा, पुरावा आणि खंडन

वादविवादाच्या पहिल्या तासिकेला नववीचे विद्यार्थी एका वाक्यात फक्त दावा लिहितात : ‘आमची दप्तरे प्रमाणाबाहेर जड आहेत.’ दुसऱ्या तासिकेला पुरावा. 2020च्या केंद्रीय दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावे. 40 किलोच्या मुलाचे दप्तर काट्यावर 6 किलो भरले, की ‘खूप जड’ म्हणण्याची गरज उरत नाही.

खरी कसोटी तिसऱ्या तासिकेला. बहुतेक मुले खंडन म्हणून आपले पाठ भाषणच पुन्हा म्हणतात. म्हणून आधी प्रतिपक्षाचा मुद्दा नेमका सांगायचा, मग त्यातली फट दाखवायची : ‘वजन एकाच दिवशी, एकाच दप्तराचे केले.’

गुणपत्रक साधे : दावा 5, पुरावा 5, खंडन 10. हावभावांना गुण नसावेत. परीक्षक तिकडेच वाहवतो.