डेंग्यूनंतर सहा महिने, टायफॉइडनंतर एक वर्ष : रक्तदानाआधी एवढी प्रतीक्षा का?

बासर : पावसाळ्यानंतर गोदाकाठच्या गावांत तापाची साथ येते आणि त्याच काळात रक्ताची मागणीही वाढते. अशा वेळी नुकताच बरा झालेला तरुण रक्तदानास पुढे आला, तर त्याचे रक्त घ्यावे का? राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने २०१७ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्या देशभरासाठी असल्याने बासर आणि पलीकडील धर्माबाद येथे नियम एकच आहे.

समजा, बासर येथील एक विद्यार्थी डेंग्यूतून ३० सप्टेंबरला पूर्ण बरा झाला. सूचनांनुसार पूर्ण बरे झाल्यापासून सहा महिने रक्तदान करता येत नाही. म्हणजे वसंत पंचमीलाही तो अपात्रच असेल. मार्चअखेर मात्र रक्त देऊ शकेल. त्याला टायफॉइड झाला असता, तर ही मुदत बारा महिन्यांची झाली असती, कारण टायफॉइडचे जंतू काहींच्या पित्ताशयात दीर्घकाळ टिकून राहतात.

‘रक्त तपासूनच देतात, मग प्रतीक्षा कशासाठी?’ असा प्रश्न साहजिक आहे. आपल्याकडे दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब व क, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी सक्तीने तपासणी होते. डेंग्यू व टायफॉइड या यादीत नाहीत. त्यामुळे दात्याने प्रश्नावलीत दिलेली माहिती हीच तेथे एकमेव चाळणी ठरते. सिंगापूरमध्ये २००७ साली एका दात्याला रक्तदानाच्या वेळी कोणतेही लक्षण नव्हते. दुसऱ्या दिवशी ताप आला. त्याचे रक्तघटक मिळालेल्या तिघा रुग्णांना डेंग्यूचा संसर्ग झाला. म्हणूनच रक्तदानानंतर ताप आल्यास रक्तकेंद्राला तत्काळ कळवावे. रक्त वापरले गेले नसेल, तर ते बाजूला ठेवता येते.

साध्या सर्दी-तापात सर्व लक्षणे जाईपर्यंत थांबणे पुरेसे असते. प्रतिजैविके घेतली असल्यास शेवटच्या मात्रेनंतर चौदा दिवस जाऊ द्यावेत. तापाचे निदान झाले नसेल, तर स्वतःच ‘साधा ताप’ ठरवू नये. औषधाची चिठ्ठी व तपासणी अहवाल शिबिरातील डॉक्टरांना दाखवावेत.

लसीबाबत तिचा प्रकार महत्त्वाचा असतो. धनुर्वातासारख्या निर्जीव लसींनंतर चौदा दिवस, तर गोवरासारख्या सजीव, दुर्बल केलेल्या विषाणूंच्या लसींनंतर अठ्ठावीस दिवस थांबावे लागते, कारण तो विषाणू काही काळ शरीरात राहू शकतो. प्राणी चावल्यामुळे रेबीजची लस घेतली असल्यास मात्र एक वर्ष रक्तदान करता येत नाही. तेथे धोका लसीचा नसून चाव्यातून आलेल्या संभाव्य संसर्गाचा असतो. म्हणून प्रश्नावली भरताना लसीचे नाव, तारीख आणि ती घेण्याचे कारण या तिन्ही गोष्टी सांगाव्यात.