सोळाचे आठ नेमके कधी होतात?

सूत्री विभाजन आणि अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजेच मायटॉसिस आणि मियॉसिस यांतला फरक परीक्षेत वरचेवर विचारला जातो. विद्यार्थी तक्ता पाठ करतात आणि तो बहुतेक वेळा बरोबरही लिहितात. पण त्याच तक्त्याबद्दल एक साधा प्रश्न विचारून पाहा : अर्धगुणसूत्री विभाजनात गुणसूत्रांची संख्या निम्मी होते ती पहिल्या विभाजनानंतर की दुसऱ्या? पुष्कळ जण ‘दुसऱ्या’ असं सांगतात. चार पेशी दुसऱ्या विभाजनानंतर मिळतात, तेव्हा संख्याही तिथेच कमी होत असणार, असा त्यांचा हिशेब असतो. तो चुकीचा आहे. तो कुठे चुकतो हे उमगलं, तर तक्त्यातले तिन्ही महत्त्वाचे मुद्दे एकमेकांत गुंफले जातात आणि वेगवेगळे लक्षात ठेवावे लागत नाहीत.

आधी तक्ता पाहू. उदाहरण कांद्याचं घेतलं आहे, कारण ही दोन्ही विभाजनं एकाच झाडात पाहता येतात आणि कांद्याची गुणसूत्रं चांगली मोठी असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. कांद्याच्या साध्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात.

| मुद्दा | सूत्री विभाजन | अर्धगुणसूत्री विभाजन |
|---|---|---|
| कुठे होते | कायिक पेशींत, उदा. मुळाच्या टोकाशी | युग्मकांच्या निर्मितीशी निगडित पेशींत, उदा. फुलाच्या परागकोशात |
| गुणसूत्रांची प्रत किती वेळा बनते | एकदा | एकदाच |
| विभाजनांची संख्या | एक | लागोपाठ दोन |
| समजात गुणसूत्रांच्या जोड्या | जुळत नाहीत | पहिल्या विभाजनात जुळतात |
| कन्यापेशींची संख्या | दोन | चार |
| कन्यापेशीतील गुणसूत्रे | मूळ पेशीइतकीच (2n). कांद्यात १६ | निम्मी (n). कांद्यात ८ |
| कन्यापेशी मूळ पेशीसारख्या असतात का | हो | नाही. आपापसांतही वेगळ्या |

दुसरी ओळ अनेक वह्यांमध्ये नसते. मला मात्र ती सर्वांत मोलाची वाटते. दोन्ही विभाजनांत तयारी सारखीच असते : विभाजन सुरू होण्याआधी प्रत्येक गुणसूत्राची एक प्रत बनते. त्यानंतर सूत्री विभाजनात पेशी एकदा विभागते, अर्धगुणसूत्री विभाजनात दोनदा. प्रत एकदाच काढली आणि वाटणी दोनदा केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्मंच येणार. कन्यापेशींची संख्या आणि गुणसूत्रांची संख्या या दोन्ही ओळी इथूनच निघतात.

आता मोजणीचा नियम. प्रत बनल्यावर जुना धागा आणि त्याची नवी प्रत हे दोन्ही गुणसूत्रबिंदूपाशी एकमेकांना चिकटून राहतात. या जोडधाग्यांतल्या प्रत्येकाला अर्धगुणसूत्र म्हणतात. धागे दोन झाले, तरी ते एकत्र आहेत तोवर गुणसूत्र एकच धरायचं. म्हणून मोजताना धागे मोजायचे नाहीत, गुणसूत्रबिंदू मोजायचे. आकृती पाहून संख्या लिहा, असा प्रश्न आला की बहुतेक गुण याच एका गोष्टीवर जातात.

हा नियम घेऊन मुळाकडे जाऊ. पाण्यावर ठेवलेल्या कांद्याला मुळं फुटतात. त्यांची टोकं कापून, आम्लात मऊ करून आणि ॲसिटोकार्मिनने रंगवून काचपट्टीवर दाबली, की विभागणाऱ्या पेशी दिसतात. पूर्वावस्थेत १६ गुणसूत्रं आखूड आणि जाड होतात. त्यांत ३२ अर्धगुणसूत्रं असतात. मध्यावस्थेत ही १६ गुणसूत्रं पेशीच्या मध्यभागी एका पातळीत येतात, प्रत्येक आपापलं, स्वतंत्र. पश्चावस्थेत गुणसूत्रबिंदू दुभंगतो आणि चिकटलेले धागे एकमेकांपासून सुटून दोन टोकांकडे ओढले जातात. सुटलेला प्रत्येक धागा आता गुणसूत्र म्हणून मोजायचा, म्हणून त्या घडीला पेशीत तात्पुरती ३२ गुणसूत्रं असतात. अंत्यावस्थेत दोन केंद्रकं तयार होतात, दोघांत १६-१६. सोळाचे सोळाच राहिले.

आता त्याच कांद्याच्या फुलाकडे. बियाण्यासाठी शेतात ठेवलेल्या कांद्याला डेंगळे येतात आणि त्यांच्या टोकाला फुलांचे गोंडे लागतात. न उमललेल्या कोवळ्या कळीतला परागकोश रंगवून दाबला, तर योग्य वयाच्या कळीत अर्धगुणसूत्री विभाजन सापडतं. कळी थोडी मोठी असली तर विभाजन उरकून परागकण तयार झालेले असतात, त्यामुळे वेगवेगळ्या आकारांच्या कळ्या तपासाव्या लागतात.

इथेही सुरुवात १६ गुणसूत्रं आणि ३२ अर्धगुणसूत्रं अशीच आहे. फरक पहिल्या विभाजनाच्या पूर्वावस्थेत पडतो. कांद्याची १६ गुणसूत्रं म्हणजे आठ आठांचे दोन संच. एक संच मादीकडून आलेला, दुसरा नराकडून. दोन्ही संचांतली एकमेकांशी जुळणारी गुणसूत्रं समजात असतात. मुळाच्या पेशीतही ती होती, पण तिथे ती एकमेकांकडे वळली नाहीत. परागकोशात मात्र ती एकमेकांना शोधून लगत येतात, त्यांचे धागे जागोजागी तुटतात आणि एकमेकांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन पुन्हा जोडले जातात. हीच पारगती. मध्यावस्थेत त्यामुळे मधल्या पातळीवर १६ सुटी गुणसूत्रं नसतात, तर ८ जोड्या असतात. काचपट्टीवर ही खूण पटकन ओळखू येते : सोळा सुटी दिसली तर सूत्री विभाजनाची मध्यावस्था, आठ जोड्या दिसल्या तर अर्धगुणसूत्री विभाजनाची पहिली मध्यावस्था.

आणि आता कळीचा टप्पा. पहिल्या पश्चावस्थेत गुणसूत्रबिंदू दुभंगत नाही. जोडीतलं एक अख्खं गुणसूत्र, दोन्ही धाग्यांसकट, एका टोकाला जातं आणि त्याचा जोडीदार दुसऱ्या टोकाला. प्रत्येक टोकाला पोचतात ८ गुणसूत्रं. म्हणजे सोळाचे आठ इथेच, पहिल्या विभाजनातच होतात. मग दुसरं विभाजन कशासाठी? कारण या ८ गुणसूत्रांना अजून दोन-दोन धागे आहेत, एकूण १६. दुसऱ्या विभाजनापूर्वी नवी प्रत बनत नाही. या वेळी गुणसूत्रबिंदू दुभंगतो आणि धागे सुटे होतात, अगदी मुळातल्या विभाजनासारखं. आठाचे आठच राहतात, पण आता एकेरी धाग्यांचे. एका पेशीच्या चार पेशी झाल्या, प्रत्येकीत ८. या चारांचे पुढे परागकण होतात. परागणानंतर ८ आणि ८ एकत्र येऊन बियाण्यातल्या भ्रूणात पुन्हा १६ होतात.

पहिल्या विभाजनात संख्या निम्मी होते आणि दुसऱ्यात धागे वेगळे होतात, एवढं कळलं की गडबड झाल्यास काय होईल तेही सांगता येतं. माणसाचं उदाहरण घेऊ. आपल्या पेशींत ४६ गुणसूत्रं, म्हणजे २३ जोड्या असतात. एकविसावी जोडी पहिल्या विभाजनात सुटलीच नाही आणि दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला गेली असं समजा. एका पेशीत २४ आणि दुसरीत २२ गुणसूत्रं पडली. दुसरं विभाजन सुरळीत झालं, तरी शेवटी दोन पेशींत २४ आणि दोन पेशींत २२ राहतील, चारही बिघडलेल्या. बिघाड दुसऱ्या विभाजनात, एकाच पेशीत झाला असता, तर दोन पेशी २३ च्या निरोगी राहिल्या असत्या, तिसरीत २४ आणि चौथीत २२ आली असती. एकविसावं गुणसूत्र जास्त असलेल्या २४ च्या पेशीचं नेहमीच्या २३ च्या पेशीशी फलन झालं की ४७ गुणसूत्रांचं बाळ जन्मतं. हाच डाऊन सिंड्रोम. १९५९ साली जेरोम लज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचं हे जादा गुणसूत्र दाखवून दिलं. बहुतेक वेळा ही चूक आईच्या अंडपेशीत, आणि तीही पहिल्याच विभाजनात घडते. स्त्रीच्या अंडपेशींचं पहिलं विभाजन ती जन्मण्याआधीच सुरू होऊन अर्ध्यावर थांबलेलं असतं आणि अनेक वर्षांनी, बीजोत्सर्गाच्या वेळी पूर्ण होतं. वयाबरोबर हा धोका वाढतो.

अंडपेशीचा विषय निघालाच आहे, तर तक्त्यातल्या ‘चार’बद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. शुक्राणू तयार होताना एका पेशीपासून खरोखर चार शुक्राणू होतात. स्त्रीमध्ये वाटणी विषम असते : जवळजवळ सगळं पेशीद्रव्य एकाच अंडपेशीला मिळतं आणि बाकीची गुणसूत्रं पोलर बॉडी नावाच्या अगदी छोट्या पेशींत टाकून दिली जातात. परीक्षेत ‘चार कन्यापेशी’ हेच उत्तर लिहायचं, पण अंडनिर्मितीबद्दल नेमकं विचारलं असेल तर अंडपेशी एकच मिळते हे नोंदवायला हवं.

‘जोड्या’ ही ओळ किती निर्णायक आहे हे केळीत दिसतं. जळगावात मोठ्या प्रमाणावर लावली जाणारी ग्रँड नैन ही जात त्रिगुणित आहे. तिच्यात ११ गुणसूत्रांचे दोन नव्हे, तर तीन संच असतात, एकूण ३३. सूत्री विभाजनाला याची काहीच अडचण नाही. प्रत्येक गुणसूत्राची प्रत बनते, धागे सुटतात, ३३ चे ३३ होतात. म्हणून झाड जोमाने वाढतं आणि घडही येतो. फुलात मात्र अर्धगुणसूत्री विभाजन सुरू झालं की प्रत्येक प्रकारची तीन गुणसूत्रं समोर येतात आणि तिघांची नीट जोडी लागत नाही. कोणती किती गुणसूत्रं कुठल्या टोकाला जातील याला धरबंध राहत नाही, आणि अशा वाटणीतून कामाचे परागकण आणि अंडपेशी जवळजवळ तयारच होत नाहीत. शिवाय या जातीच्या केळीचं फळ फलनावाचूनच वाढतं, म्हणून आत पक्व बी नसते, उरतात फक्त बारीक काळे ठिपके. शेतकरी या केळीची लागवड मुनव्यांपासून किंवा उतिसंवर्धित रोपांपासून करतात, आणि ही दोन्ही निव्वळ सूत्री विभाजनातून तयार होतात.