पुस्तक मिटल्यावर सुरू होणारा अभ्यास

परळ-लालबागला रात्री अभ्यास करण्याची सवय जुनी आहे. ना. म. जोशींनी 1911 मध्ये सुरू केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने इथल्या गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. दिवसभर राबलेल्या माणसाच्या हाताशी अभ्यासाला तासभरच असतो. आजही दिवसा नोकरी करून दहावीला बसणाऱ्यांची हीच गत आहे. त्या तासात धडा कसा वाचावा, याची एक रीत अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी 1940 च्या दशकात मांडली. आधी धडा चाळायचा, मग प्रश्न काढायचे, वाचायचं, न बघता सांगायचं आणि शेवटी उजळणी करायची. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एस-क्यू-थ्री-आर’ म्हणतात. बी.एड.च्या वर्गातून ती आपल्याकडे बऱ्याच जणांच्या कानावर गेलेली असते, पण वाटेत तिचा अर्थ पार बदललेला दिसतो.

गैरसमज: धडा आधी चाळणं म्हणजे वेळ घालवणं.

चाळायला पाचेक मिनिटं पुरतात, मात्र ती पानं उलटण्यात जाता कामा नयेत. दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1’मधला पहिला धडा घेऊ, गुरुत्वाकर्षण. सुरुवातीची घटकांची चौकट वाचा, मग ठळक मथळे, आकृत्या आणि त्यांखालच्या ओळी. त्यानंतर थेट शेवटचा स्वाध्याय गाठा. स्वाध्याय आधी पाहणं ही लबाडी आहे असं कित्येक मुलांना उगाच वाटतं. एवढ्या चाळण्यातून धड्याचा रस्ता दिसतो: वर्तुळाकार गती, केप्लरचे नियम, न्यूटनचा सिद्धांत, पृथ्वीचं गुरुत्वीय त्वरण, मुक्तपतन, मुक्तिवेग. केप्लरनंतर न्यूटन का येतो, हा प्रश्न इथेच मनात आला तर चाळणं नीट झालं असं समजावं.

गैरसमज: प्रश्न म्हणजे स्वाध्यायातले प्रश्न.

ते पुस्तकाने विचारलेले. या रीतीत प्रत्येक मथळ्याचा प्रश्न आपण करायचा असतो, तोही त्या भागाला हात घालण्याच्या तोंडावर. सगळ्या धड्याचे प्रश्न एकदम काढून ठेवले तर तिसऱ्या मथळ्यापर्यंत पहिले विसरायला होतात. शिवाय ‘मुक्तिवेग म्हणजे काय?’ एवढ्यावर थांबलात तर हाती फक्त व्याख्या लागते. त्याच मथळ्यावर आणखी दोन प्रश्न टाका: ‘तो वस्तूच्या वजनावर अवलंबून असतो का?’ आणि ‘त्याचं सूत्र आलं कुठून?’ आता वाचताना डोळे काहीतरी शोधत असतात.

गैरसमज: न बघता सांगणं म्हणजे पाठांतर.

सगळ्यात मोठा घोटाळा इथे आहे. घोकंपट्टीत पुस्तक उघडं असतं आणि तोंड चालू असतं. इथे पुस्तक मिटलेलं असतं. एक मथळा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि आपल्याच प्रश्नांची उत्तरं आपल्या शब्दांत द्यायची. धडा संपेपर्यंत थांबायचं नाही.

मुक्तिवेगावरच करून बघू. समजा, एखादी मुलगी पुस्तक मिटून म्हणते, ‘वस्तू वर फेकली की गुरुत्वाकर्षणाने तिचा वेग कमी होत जातो आणि ती खाली येते. ठरावीक वेगाने फेकली तर ती परत येतच नाही. तो वेग म्हणजे मुक्तिवेग. पृथ्वीवर तो सेकंदाला 11.2 किलोमीटर. वस्तू जड असेल तर जास्त लागतो.’ शेवटच्या वाक्यापर्यंत सगळं बरोबर आहे. पुस्तक उघडल्यावर तिला दिसतं की सुरुवातीची गतिज ऊर्जा पृथ्वीच्या ओढीवर मात करायला जेमतेम पुरेल असं मांडलं आहे:

½mv² = GMm/R

दोन्ही बाजूंना m आहे, तो जातो आणि v = √(2GM/R) उरतं. म्हणजे चेंडू असो की रॉकेट, वेग तोच. जड वस्तूला ऊर्जा जास्त लागते, वेग नाही. हेच सूत्र √(2gR) असंही लिहिता येतं. g साठी 9.8 आणि R साठी 6.4×10⁶ मीटर घातले की सेकंदाला 11,200 मीटर येतात. 11.2 हा आकडा तिला आधीच पाठ होता. तो कुठून येतो हे आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्ट पुस्तक मिटल्याशिवाय तिच्या ध्यानात आली नसती. पाच वेळा वाचूनही ही चूक लपून राहते, कारण समोरची ओळ ओळखीची वाटली की आपल्याला ती येते असं वाटायला लागतं.

परळच्या चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत मोठ्याने बोलून अभ्यास करायची सोय नसते, आणि अभ्यासिकेत तोंड उघडलं तर शेजारचा वळून बघतो. त्याने काही अडत नाही. वहीच्या मागच्या पानावर चार-पाच शब्द आणि सूत्र लिहिलं तरी तेच काम होतं. रॉबिन्सन यांनीही थोडक्यात टिपणं लिहायलाच सांगितलं होतं. अट एकच, लिहिताना पुस्तक मिटलेलं हवं. समोर ठेवून काढलेल्या नोट्स म्हणजे नक्कल.

गैरसमज: पुन्हा पुन्हा वाचलं की पक्कं होतं.

परीक्षा पाच मिनिटांनी असेल तर होतं! सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कारपिकी यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग हेच दाखवतो. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, तर दुसरा एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनंतर दोनदा वाचलेल्यातलं 81 टक्के आठवत होतं आणि लिहून काढलेल्यातलं 75. आठवड्यानंतर पारडं फिरलं: दोनदा वाचलेलं 42 टक्के, लिहून काढलेलं 56. आदल्या रात्री जागून वाचणाऱ्याला सगळं आल्यासारखं वाटतं ते याच पाच मिनिटांमुळे.

म्हणून उजळणी म्हणजे पुन्हा पहिल्या पानापासून वाचणं नव्हे. धडा संपल्यावर नुसते मथळे बघून उत्तरं द्यायची. दोनेक दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. जिथे अडलं तेवढंच पान उघडायचं. पिवळ्या पेनाने ओळी रंगवणाऱ्यांची अडचण इथेच होते. पहिल्या वाचनात सगळंच महत्त्वाचं वाटतं, अर्धं पान पिवळं होतं आणि उजळणीला सगळं परत वाचावं लागतं.

गैरसमज: ही रीत कुठल्याही धड्याला चालते.

पाचही पायऱ्या एकत्र वापरल्या तर किती फायदा होतो, याबद्दलचे पुरावे संमिश्र आहेत. भक्कम पुरावा आहे तो न बघता आठवण्याला आणि अंतर ठेवून केलेल्या उजळणीला. त्यामुळे हातात वेळ थोडा असेल तर चाळणं आटपतं घ्यावं, पण पुस्तक मिटणं सोडू नये. के.ई.एम.च्या आवारातल्या जी.एस. मेडिकलसारख्या ठिकाणी पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्राचं जाडजूड पुस्तक असतं. तिथे एका मथळ्याखाली पानंच्या पानं येतात, मग उपमथळ्यावर किंवा एखाद्या आकृतीपाशी थांबावं लागतं. मजकूर झाकून आकृती कोऱ्या कागदावर काढायची आणि नावं द्यायची, हेच तिथलं ‘सांगणं’.

कवितेला ही रीत घालू नये, मथळ्यांचे प्रश्न करून कविता वाचता येत नाही. गणितात तर ती अर्ध्यावरच थांबते. गुरुत्वाकर्षणाच्या धड्यातली सोडवलेली उदाहरणंही याच जातीची. ‘हे उदाहरण कसं सोडवलं?’ याचं उत्तर तोंडी देता आलं म्हणून नवं उदाहरण सुटेलच असं नाही. तिथे उत्तरावर कागद ठेवायचा, दिलेल्या राशी लिहायच्या, सूत्र निवडायचं आणि स्वतः सोडवून मगच कागद एकेक ओळ खाली सरकवायचा.