लहानमोठ्या नोंदींचे पान

डेटाबेसमधील प्रत्येक नोंद ठरावीक लांबीची असती, तर ती फाइलमध्ये साठवणे अगदी सोपे झाले असते. प्रत्येक नोंद १०० बाइटची असेल तर एक्कावन्नावी नोंद ५००० बाइटनंतर सुरू होते. गुणाकार केला की जागा सापडली. पण माणसांची नावे, पत्ते, शेरे अशा बेताने येत नाहीत. सर्वांत लांब पत्त्याला पुरेल एवढी जागा प्रत्येकाला दिली तर फाइलचा मोठा भाग रिकाम्या जागेनेच भरतो. आणि नोंदी एकामागे एक चिकटवून ठेवल्या, तर कोणी गाव बदलले आणि नव्या गावाचे नाव लांब निघाले की पुढच्या सगळ्या नोंदी सरकवाव्या लागतात. सरकवणे एक वेळ जमेलही. खरी अडचण ही, की इंडेक्समध्ये त्या नोंदींच्या जुन्या जागा लिहिलेल्या असतात आणि त्या एका फटक्यात खोट्या ठरतात.

यावरचा उपाय म्हणजे स्लॉटेड पान. आयबीएमच्या सिस्टिम आर या १९७०च्या दशकातील प्रायोगिक डेटाबेसमध्ये तो दिसतो आणि आजच्या बहुतेक रिलेशनल डेटाबेसमध्ये त्याचे कोणते ना कोणते रूप आहे. पोस्टग्रेस हा त्यातला अभ्यासाला सोयीचा, कारण त्याचे पान उघडून बाइटन् बाइट पाहता येते.

पोस्टग्रेसची फाइल ८१९२ बाइटच्या पानांत विभागलेली असते. पानाच्या सुरुवातीला २४ बाइटचे हेडर असते. त्याच्या लगेच मागे चार-चार बाइटचे स्लॉट ओळीने येतात. प्रत्यक्ष नोंदी मात्र पानाच्या शेवटाकडून भरत येतात: पहिली नोंद अगदी तळाशी, दुसरी तिच्या वर, तिसरी त्याहून वर. स्लॉट वरून खाली वाढतात, नोंदी खालून वर, आणि मधली मोकळी जागा दोन्हींच्या कामी येते. किती स्लॉट लागतील हे आधी ठरवावे लागत नाही, ही या रचनेतली खरी हुशारी. शंभर छोट्या नोंदी आल्या तर स्लॉट जास्त होतात, चार मोठ्या आल्या तर कमी. मोकळी जागा कुठून कुठपर्यंत आहे हे हेडरमधील `pd_lower` आणि `pd_upper` हे दोन आकडे सांगतात.

स्लॉटच्या ३२ बिटांपैकी १५ बिटांत नोंद पानात कुठे सुरू होते ते असते, १५ बिटांत तिची लांबी आणि उरलेल्या २ बिटांत स्लॉटची अवस्था. पोस्टग्रेसचे पान ३२ किलोबाइटपेक्षा मोठे करता येत नाही, त्याचे मूळ या १५ बिटांत आहे. बाहेरच्या जगाला, म्हणजे इंडेक्सला, नोंदीचा पत्ता फक्त ‘पान क्रमांक, स्लॉट क्रमांक’ एवढाच दिला जातो. नोंद पानातल्या पानात कुठेही हलवली तरी स्लॉटमधला आकडा बदलला की काम भागते. इंडेक्सला त्याची खबरही लागत नाही.

आता नोंदीच्या आत काय असते ते पाहू. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक नोंदीला स्वतःचे २३ बाइटचे हेडर असते. ती कोणत्या व्यवहाराने घातली, कोणत्या व्यवहाराने रद्द केली, तिची नवी प्रत कुठे आहे, ही माहिती त्यात असते. एखादा रकाना रिकामा, म्हणजे नल असेल, तर हेडरमागे प्रत्येक रकान्यासाठी एक बिट असा नकाशा येतो आणि त्या रकान्याला पुढे एकही बाइट खर्च होत नाही. मग रकाने क्रमाने येतात. पूर्णांक चार बाइट घेतो. मजकुराच्या आधी त्याची लांबी लिहितात; मजकूर १२६ बाइटपर्यंत असेल तर लांबीला एक बाइट पुरतो, त्याहून मोठ्याला चार लागतात.

एक छोटे उदाहरण घेऊ. वाचनालयाच्या सभासदांच्या तक्त्यात क्रमांक, नाव आणि गाव असे तीन रकाने आहेत आणि क्रमांकावर इंडेक्स आहे. पहिली नोंद: १, सीमा, पुणे. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार ही वेगळी चिन्हे मोजली जातात. ‘सीमा’मध्ये चार चिन्हे, म्हणून १२ बाइट, ‘पुणे’चेही तेवढेच. नोंदीचे हेडर २३ बाइटचे असले तरी माहिती आठच्या पटीत सुरू व्हावी म्हणून एक बाइट मोकळा सोडला जातो. हिशेब असा: २४, अधिक क्रमांकाचे ४, अधिक नावाचे १३, अधिक गावाचे १३, एकूण ५४ बाइट. पानात नोंदही आठच्या पटीतल्या जागेवर ठेवतात, म्हणून ५४ बाइटची नोंद ५६ बाइट अडवते आणि ८१३६व्या बाइटपासून सुरू होते.

दुसरी नोंद: २, अनिल, सातारा. ‘सातारा’चे १८ बाइट, म्हणून लांबी ६०. तिसरी: ३, मीरा, आणि गाव रिकामे. तिची लांबी ४१, कारण नलचा एक बाइटचा नकाशा त्या मोकळ्या सोडलेल्या बाइटमध्येच बसून जातो. पान उघडून पाहायची सोय पोस्टग्रेसबरोबरच येते:

```
CREATE EXTENSION pageinspect;
SELECT lp, lp_off, lp_flags, lp_len
FROM heap_page_items(get_raw_page('sabhasad', 0));

 lp | lp_off | lp_flags | lp_len
  1 |   8136 |        1 |     54
  2 |   8072 |        1 |     60
  3 |   8024 |        1 |     41
```

पहिला आकडा स्लॉटचा, दुसरा नोंदीच्या जागेचा, तिसरा अवस्थेचा (१ म्हणजे चालू नोंद) आणि चौथा लांबीचा. स्लॉट ३६व्या बाइटला संपतात, नोंदी ८०२४व्या बाइटला सुरू होतात. मधले ७९८८ बाइट मोकळे आहेत.

आता सीमा कोल्हापूरला राहायला गेली असे समजू. ‘कोल्हापूर’ची चिन्हे नऊ, बाइट २७, त्यामुळे नव्या नोंदीची लांबी ६९ होते. जुन्या ५६ बाइटच्या जागेत ती मावत नाही. पोस्टग्रेस तसा प्रयत्नही करत नाही, कारण त्याच वेळी दुसरा कोणी जुनी नोंद वाचत असू शकतो आणि त्याला पुणेच दिसले पाहिजे. नवी प्रत वर ७९५२व्या बाइटला लिहिली जाते, तिला चौथा स्लॉट मिळतो आणि जुन्या प्रतीच्या हेडरमध्ये ‘पुढची प्रत स्लॉट ४ मध्ये’ अशी खूण राहते. इंडेक्स केलेला क्रमांक बदललेला नाही आणि नवी प्रत त्याच पानात बसली आहे, म्हणून इंडेक्सला हात लावावा लागत नाही. तो पहिल्या स्लॉटकडे बोट दाखवतो आणि वाचणारा तिथून चौथ्यावर पोचतो.

जुनी प्रत आता कुणालाच दिसण्याजोगी उरली नाही की सफाई होते. VACUUM चालवल्यावर तेच पान असे दिसते:

```
 lp | lp_off | lp_flags | lp_len
  1 |      4 |        2 |      0
  2 |   8128 |        1 |     60
  3 |   8080 |        1 |     41
  4 |   8008 |        1 |     69
```

अनिल, मीरा आणि नवी सीमा या तिघांच्याही नोंदी खाली सरकल्या आहेत आणि मधले भोक बुजले आहे. स्लॉट क्रमांक मात्र एकाचाही बदललेला नाही. पहिल्या स्लॉटची अवस्था २ झाली, म्हणजे तो आता स्वतःची नोंद न बाळगता चौथ्या स्लॉटकडे पाठवतो; त्याच्या पुढचा ४ हा बाइटचा आकडा नसून स्लॉटचा आहे. पहिल्यांदा पाहणारे इथे हमखास गोंधळतात.

नोंद पुसल्यावरही नाजूक जागा स्लॉटचीच असते. नोंदीचे बाइट लगेच परत मिळवता येतात, स्लॉट मात्र मिळवता येत नाही. अनिलचा दुसरा स्लॉट लगेच नव्या सभासदाला दिला, तर इंडेक्समध्ये क्रमांक २ शोधणारा भलत्याच माणसाच्या नोंदीवर पोचेल. म्हणून तो आधी मृत म्हणून राखून ठेवतात, इंडेक्समधल्या त्याच्याकडे येणाऱ्या खुणा काढतात आणि नंतरच मोकळा करतात. चार बाइटसाठी एवढा खटाटोप कंजूषपणाचा वाटेल. खरे तर तो अचूकतेसाठी आहे.

पानात जागाच उरली नसेल तेव्हा गणित बिघडते. सिस्टिम आरमध्ये अशी वाढलेली नोंद दुसऱ्या पानात नेऊन मूळ जागी नव्या जागेचा पत्ता ठेवत, म्हणून एक नोंद वाचायला कधी दोन पाने उघडावी लागत. पोस्टग्रेस नवी प्रत दुसऱ्या पानात लिहून तक्त्यावरच्या प्रत्येक इंडेक्समध्ये तिची नवी खूण घालतो. पाच इंडेक्स असतील तर एक गाव बदलण्यासाठी पाच ठिकाणी लिहिणे आले. सतत बदलणाऱ्या तक्त्यांसाठी `fillfactor` ८० किंवा ९० ठेवून पानात आधीच जागा राखतात, ती याच कारणाने. नुसती भर पडत जाणाऱ्या तक्त्यात असे करणे म्हणजे जागा वाया घालवणे.

नोंदीच्या आखणीबाबत सगळे डेटाबेस एकमताचे नाहीत. पोस्टग्रेसमध्ये मजकुराची लांबी मजकुराला चिकटून असल्यामुळे विसावा रकाना गाठायला आधीच्या बदलत्या लांबीच्या रकान्यांवरून चालत जावे लागते. एसक्यूएल सर्व्हर अशा रकान्यांचे शेवट कुठे येतात याची यादी नोंदीतच एकत्र ठेवतो, त्यामुळे थेट उडी मारता येते. त्यासाठी दर रकान्याला दोन बाइट जास्त मोजावे लागतात. पोस्टग्रेसमध्ये रकान्यांचा क्रमही जागा खातो. एका बाइटच्या हो-नाही रकान्यानंतर आठ बाइटचा पूर्णांक ठेवला तर मध्ये सात बाइट रिकामे जाऊ शकतात. मोठे पूर्णांक आधी आणि मजकूर शेवटी ठेवणे हा त्यावरचा फुकटचा उपाय, फक्त तो तक्ता तयार करतानाच सुचायला हवा.

नोंद पानाहून मोठी असली तर स्लॉटही हतबल होतो, कारण पोस्टग्रेसमध्ये एक नोंद दोन पानांत पसरत नाही. नोंद साधारण दोन किलोबाइटच्या पुढे गेली की तिच्यातला लांब मजकूर आधी दाबून लहान करतात. तेवढ्याने भागले नाही तर त्याचे तुकडे एका वेगळ्या तक्त्यात ठेवून मूळ नोंदीत १८ बाइटचा संदर्भ सोडतात. ते तुकडे पुन्हा साध्या नोंदी म्हणून स्लॉटेड पानांतच बसतात.

या रचनेचा आणखी एक फायदा बिघाडाच्या वेळी कळतो. `pd_lower` कधीही `pd_upper`पेक्षा मोठा असू शकत नाही आणि कोणताही चालू स्लॉट पानाबाहेर बोट दाखवू शकत नाही. डिस्कच्या दोषाने हेडरमधले आकडे विस्कटले, तर पान वाचतानाच ही विसंगती पकडली जाते आणि `invalid page in block` अशी तक्रार येते. नोंदीच्या आतले एखादे अक्षर बदलले असेल तर मात्र या तपासणीला ते दिसत नाही. त्यासाठी संपूर्ण पानाचा चेकसम लागतो. नवा डेटाबेस तयार करताना तो आवृत्ती १८पासून आपोआप सुरू असतो. त्याआधी तो मुद्दाम सुरू करावा लागे.